स्लॅब तोच, दर तोच, तरी टॅक्स शून्यावरून 75 हजारांवर कसा गेला?

प्रश्न: नमस्कार सर. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. 2025-26 ला माझा ग्रॉस पगार 12 लाख 60 हजार होता, नवीन रेजीममध्ये टॅक्स शून्य. एप्रिलपासून 8 टक्के वाढ मिळाली. अकाउंट्सवाले म्हणतात की वर्षाला 75 हजारांच्या वर टॅक्स कापणार. म्हणजे वाढीतले महिन्याला जेमतेम दोन हजार हातात. दर वाढलेले नाहीत, स्लॅबही तेच आहेत. मग हिशेब चुकलाय का? आणि बाजारात सगळं महाग होत असताना ही पगारवाढ म्हणायची की घट?

उत्तर:

तुमच्या अकाउंट्सचा हिशेब बरोबर आहे. आणि महागाई 4 टक्क्यांच्या आसपास राहिली तर खरेदीच्या हिशेबाने ही घटच आहे. कोल्हापुरात पगारदारांची रिटर्न भरताना या वर्षी हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्यातल्या मर्यादा रुपयांत लिहिलेल्या असतात. 4 लाख, 12 लाख, 24 लाख. पगारही रुपयांत मोजला जातो. पण पगारातल्या वाढीचा एक भाग फक्त महागाई भरून काढण्यासाठी असतो, त्याने तुम्ही श्रीमंत होत नाही. कायदा मात्र या दोन भागांत फरक करत नाही. मर्यादा जागेवर राहते, पगाराचा आकडा फुगतो आणि तोच माणूस, तेच काम, तीच ऐपत असताना वरच्या टप्प्यात जाऊन बसतो. आपल्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट अशी ठरलेली आहे. घर तुम्ही हलवलेलं नसतं, पाणी चढलेलं असतं. एका करदात्याच्या बाबतीत हे घडतं त्याला ब्रॅकेट क्रीप म्हणतात. सगळ्या करदात्यांकडून मिळून सरकारकडे असा जो जास्तीचा पैसा ओढला जातो, त्याला फिस्कल ड्रॅग.

आता तुमचेच आकडे घेऊ. पीएफ आणि व्यवसाय कर बाजूला ठेवतो, कारण त्याने मुद्दा बदलत नाही.

2025-26 ला पगार 12,60,000. नवीन रेजीममधलं स्टँडर्ड डिडक्शन 75,000 वजा केलं की करपात्र उत्पन्न 11,85,000. स्लॅबप्रमाणे त्यावर कर निघतोच: पहिल्या 4 लाखांवर काही नाही, 4 ते 8 लाखांवर 5 टक्के, 8 ते 12 लाखांवर 10 टक्के. पण करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर हा सगळा कर रिबेट म्हणून माफ होतो. म्हणून तुम्हाला शून्य.

एप्रिलपासून पगार 13,60,800. स्टँडर्ड डिडक्शन जाऊन 12,85,800. 12 लाखांची रेषा ओलांडली, रिबेट गेला. आता पहिल्या 12 लाखांवरचे 60,000 द्यावे लागतात आणि वरच्या 85,800 वर 15 टक्क्यांनी 12,870. एकूण 72,870, त्यावर 4 टक्के सेस धरून 75,785. वर्षाची वाढ 1,00,800 आणि त्यातले 75,785 करात. हातात 25,015 राहिले, म्हणजे जवळपास 2 टक्के. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्टच 4 टक्के आहे. तेवढी महागाई धरली तर गेल्या वर्षीइतकाच बाजार भरायला तुम्हाला 50,400 जास्त लागतील. मिळाले त्याच्या निम्मे.

यावर कोणी म्हणेल की हा महागाईचा दोष नाही, रिबेटची पायरी आहे, तुम्ही ती चढलात. थोडं खरं आहे. म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. त्याची माझी पद्धत साधी आहे. सगळ्या मर्यादा महागाईइतक्या सरकवल्या असत्या तर कर किती आला असता, ते काढायचं आणि प्रत्यक्ष करातून वजा करायचं. उरेल तो महागाईने वाढवलेला कर.

4 टक्के महागाई धरून 12 लाखांचे 12,48,000 झाले असते आणि स्टँडर्ड डिडक्शन 78,000. तुमचं करपात्र उत्पन्न 12,82,800 आलं असतं, म्हणजे सरकवलेल्या रेषेच्या 34,800 वर. इथे मार्जिनल रिलीफ लागू होतो. रेषेच्या वर जेवढे रुपये, त्याहून जास्त कर घेता येत नाही. म्हणून कर 34,800, सेससह 36,192. हा झाला तुमच्या खऱ्या वाढीवरचा कर. प्रत्यक्ष कर 75,785. मधला फरक 39,593. दर न वाढवता, फक्त रेषा जागेवर ठेवल्यामुळे तुमच्याकडून एवढे गेले.

आणखी स्पष्ट व्हावं म्हणून समजा कंपनीने तुम्हाला फक्त महागाईपुरती, 4 टक्केच वाढ दिली असती. पगार 13,10,400, करपात्र 12,35,400. खऱ्या अर्थाने तुम्ही गेल्या वर्षी होतात तिथेच आहात, एक पैशाने वर नाही. तरी मार्जिनल रिलीफ धरूनही कर 35,400 आणि सेससह 36,816. मर्यादा महागाईला जोडलेल्या असत्या तर याच पगारावर कर शून्य राहिला असता.

मार्जिनल रिलीफबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिथे बरेच जण फसतात. रिलीफ आहे म्हणजे नुकसान नाही, असा समज असतो. रिलीफ फक्त मूळ कराला लावतात, सेस त्यावर वेगळा बसतो. त्यामुळे करपात्र उत्पन्न 12 लाख ते साधारण 12,70,500 या पट्ट्यात प्रत्येक वाढीव रुपया पूर्ण करात जातो आणि वर 4 पैसे सेस. पगार 12,75,000 असेल तर पूर्ण रक्कम हातात येते. पगार 13,45,000 झाला तर हातात 12,72,200. पगार 70 हजारांनी वाढला आणि हातातले 2,800 कमी झाले. तुम्ही हा पट्टा ओलांडून थोडे पुढे आलात, म्हणून निदान 25 हजार तरी दिसतात. तुमच्याकडे 5 टक्के वाढ मिळालेले सहकारी असतील, तर त्यांना तुमच्यापेक्षा कमी मिळालं आहे आणि त्यांना ते कोणी समजावून सांगितलेलं नसेल.

पायरी नसली तरी ही गळती चालूच असते, फक्त दिसत नाही. तुमच्याच कंपनीत 15 लाख पगाराचे कोणी असतील असं धरा. त्यांचा कर 97,500. त्यांना 4 टक्के वाढ मिळाली, पगार 15,60,000 झाला. ते आधीही 15 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये होते, अजूनही तिथेच आहेत. कर मात्र 1,06,860. पगार 4 टक्क्यांनी वाढला, कर 9.6 टक्क्यांनी. कारण जे पहिले 4 लाख करमुक्त आहेत आणि पुढचे 4 लाख 5 टक्क्यांत आहेत, ते तेवढेच राहिले. सगळी वाढ वरच्या दराने कापली गेली. स्लॅब बदलला नाही म्हणजे आपल्याला काही झालं नाही, असं समजू नका. एकूण पगाराच्या किती टक्के कर गेला, हा एकच आकडा दर वर्षी फॉर्म 16 वरून काढून ठेवा. खरी पगारवाढ नसताना तो चढत असेल, तर मर्यादा मागे पडत आहेत.

आता थोडं मागे जाऊन पाहू, कारण मला वाटतं इथे सरकारची सर्वात कमकुवत बाजू दिसते. महागाईला जोडणं अवघड आहे, मोजायचं कसं, असं म्हटलं जातं. पण आपल्या आयकर कायद्यात महागाईचा निर्देशांक आहे, सरकार दर वर्षी तो जाहीर करतं. कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स म्हणतात त्याला. 2001-02 चा आकडा 100, 2012-13 चा 200, 2014-15 चा 240 आणि 2025-26 चा 376. जमीन, घर विकताना खरेदीची किंमत या प्रमाणात वाढवून नफा मोजायचा, यासाठी तो आहे. मालमत्तेच्या नफ्यातली महागाई खरी नाही हे कायद्याने मान्य केलं. पगारातल्या महागाईबद्दल मात्र तसं कधी मान्य केलं नाही. जुलै 2024 पासून मालमत्तेवरची ही सोयही बरीच आखडली, पण निर्देशांक अजून निघतो.

तोच निर्देशांक लावून जुन्या रेजीमकडे बघा. 30 टक्क्यांचा दर 10 लाखांच्या पुढे लागू झाला तो 2012-13 पासून. 200 वरून 376 म्हणजे आज ती रेषा 18 लाख 80 हजारांवर हवी होती. जुन्या रेजीममध्ये ती अजून 10 लाखांवर आहे. गुंतवणुकीवरच्या 80सी वजावटीची दीड लाखाची मर्यादा 2014-15 ची. ती आज 2 लाख 35 हजार हवी होती, आहे तेवढीच. गृहकर्जाच्या व्याजाची 2 लाखांची मर्यादाही त्याच वर्षीची. घरांच्या किमती तेव्हापासून कुठे गेल्या हे रंकाळ्याच्या बाजूला फ्लॅट बघितलेल्या कोणालाही माहीत आहे. आणि हा निर्देशांकही पूर्ण महागाई धरत नाही. शहरी ग्राहक किंमत निर्देशांकात सरासरी जेवढी वाढ होते, त्याच्या 75 टक्के धरण्याची कायद्यात तरतूद आहे. म्हणजे हे सगळे आकडे सरकारच्या बाजूने झुकते आहेत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नवीन रेजीममध्ये हा अनुशेष भरून निघाला आहे, काही ठिकाणी जास्तच. करमुक्त मर्यादा 2014-15 ला अडीच लाख होती. निर्देशांकाने ती 3 लाख 92 हजार हवी, नवीन रेजीममध्ये ती 4 लाख आहे. 30 टक्के 24 लाखांच्या पुढे लागतो. रिबेटची रेषा 2019-20 ला 5 लाख होती, 2023-24 ला नवीन रेजीममध्ये 7 लाख झाली, 2025-26 ला 12 लाख. महागाईपेक्षा ही उडी खूप मोठी आहे आणि मध्यमवर्गाला त्याचा खरा फायदा झाला, हे मान्य केलंच पाहिजे. तुम्हालाही गेल्या वर्षी झाला.

माझा आक्षेप पद्धतीवर आहे. मर्यादा आपोआप सरकत नाहीत, म्हणून प्रत्येक बजेटनंतर दुसऱ्याच दिवसापासून त्या पुन्हा झिजायला लागतात. 4 टक्के महागाईने 5 वर्षांत आजच्या 12 लाखांची किंमत 9 लाख 86 हजारांएवढी उरेल. मग कधीतरी ती वाढवली जाते आणि त्याला सवलत म्हणतात. त्यातला मोठा भाग मधल्या वर्षांत जास्तीचा घेतलेलाच परत आलेला असतो, आणि ज्यांनी त्या वर्षांत भरला त्यांचा गेलेला पैसा काही येत नाही. दर वाढवायचा असेल तर वित्त विधेयकात लिहावं लागतं, संसदेत चर्चा होते, वर्तमानपत्रांत मथळे येतात. मर्यादा गोठवून ठेवायला काहीच करावं लागत नाही. अमेरिकेत 1985 पासून केंद्रीय आयकराचे टप्पे दर वर्षी महागाईनुसार सरकतात. ब्रिटनने उलट 2021 पासून 12,570 पौंडांची करमुक्त मर्यादा गोठवून ठेवली आहे, पण निदान तसं उघड जाहीर करून. आपल्याकडे गोठवणार की सरकवणार, हे 1 फेब्रुवारीपर्यंत कोणालाच माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र उलट्या दिशेनेही चालते. तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कर 200 रुपये, फेब्रुवारीत 300 दिसतो. वर्षाला 2,500 पेक्षा जास्त हा कर घेता येत नाही, ही मर्यादा 1988 पासून संविधानातच आहे. ठरावीक रुपयांत आकारलेला कर महागाईने हलका होत जातो. गोठलेल्या आकड्याचा फायदा कोणाला, हे तो आकडा कराचा आहे की सवलतीचा, यावर ठरतं.

आता तुम्ही काय करायचं. पगारवाढ नाकारू नका, असं करणारेही भेटतात. तुम्ही पट्ट्याच्या बाहेर आला आहात, यापुढे 16 लाख करपात्र उत्पन्नापर्यंत प्रत्येक वाढीव रुपयातले 15.6 पैसेच करात जातील. पुढच्या वर्षीची वाढ नेहमीसारखी हातात दिसेल. धक्का या एका वर्षाचा आहे, पण कर दर वर्षीचा झाला.

नवीन रेजीममध्ये 80सी, विमा, एनपीएस या पेन्शन योजनेत स्वतः भरलेली रक्कम यांचा काही उपयोग नाही. एक मार्ग उरतो: कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम. बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत ती वजावट नवीन रेजीममध्येही मिळते. तुमचा बेसिक पगाराच्या निम्मा, म्हणजे 6,80,400 असेल तर 14 टक्के 95,256 होतात. कंपनीने हे याच सीटीसीतून वळवले, तर करपात्र उत्पन्न 11,90,544 वर येतं आणि कर पुन्हा शून्य. हातात येणारी रोख 12,65,544 होईल, म्हणजे कर भरून मिळणाऱ्या रकमेपेक्षा 19,471 कमी, पण त्या बदल्यात 95,256 तुमच्या निवृत्ती खात्यात.

हे तुमच्यासाठी योग्य की नाही, ते मी इथून सांगू शकत नाही. हा पैसा बराचसा निवृत्तीपर्यंत अडकतो. घराचे हप्ते, मुलांच्या फिया ओढून चालवत असाल तर ते 19 हजारही जड जातील. बेसिक कमी असेल तर 14 टक्क्यांची रक्कम पुरणार नाही. बेसिक 4 लाख असेल तर फक्त 56,000 वळतील, तुम्ही 12 लाखांच्या वरच राहाल, आणि तेही नेमके त्या वाईट पट्ट्यात. तिथेही कर कमी होतो, फक्त शून्य होत नाही. जुनी रेजीम घरभाडे भत्ता आणि गृहकर्ज दोन्ही मोठं असेल तरच तपासून बघा. तुमच्या पगाराला ती फायद्याची पडण्याची शक्यता मला कमी दिसते.

आणि एक सावधगिरी. वरच्या हिशेबात 12 लाखांच्या आत फक्त 9,456 रुपयांची जागा उरते. पतसंस्थेतल्या किंवा बँकेतल्या ठेवींवरचं व्याज यात मिळवायचं असतं. ठेवी दोन लाखांच्या आसपास असतील तर तेवढ्यानेच रेषा ओलांडली जाईल, आणि ओलांडल्यावर प्रत्येक रुपया कसा जातो ते वर सांगितलंच आहे. टीडीएस कापला नाही म्हणून व्याज दाखवायचं नाही, असं करू नका, आयकर खात्याच्या एआयएस या माहितीपत्रकात ते दिसतं. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून भांडवली नफा झाला असेल तर त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण विशेष दराने लागणाऱ्या करावर हा रिबेट मिळत नाही.

सगळ्यात आधी एचआरला विचारा की कंपनी एनपीएसच्या कॉर्पोरेट योजनेत नोंदलेली आहे का. आपल्या एमआयडीसीतल्या बऱ्याच मध्यम कंपन्या नसतात. बँकेमार्फत ती नोंदणी होते, पण कंपनीला त्यासाठी कोणीतरी मागणी करावी लागते. 13 ते 14 लाखांच्या पट्ट्यातले तुम्ही पाच-सहा जण मिळून गेलात तर अकाउंट्सला ते करणं सोपं जातं. वर्षाच्या सुरुवातीलाच करा. कंपनी महिन्याच्या बेसिकवर 14 टक्के भरत असेल, तर ऑक्टोबरमध्ये सुरू केल्यावर उरलेल्या सहा महिन्यांचीच रक्कम जमा होईल आणि तुमच्या बाबतीत तेवढ्याने 12 लाखांच्या खाली येता येणार नाही.